झाकण

"मैने, तू सांग नं वो."

नऊ वर्षं झाली त्या आवाजाला. मैनाबाईच्या कानात तो अजून तसाच होता. रागाचा नव्हता, रडवेला तर नव्हताच. विहिरीवर घागर उचलताना शेजारणीला म्हणावं, जरा हात दे नं वो, तसा होता. गंगीला वाटलं होतं, ही हात देईल.

शाळेच्या मोठ्या खोलीत त्या दिवशी मुलांच्या सतरंजीवर सारी माणसं बसली होती. शाळा समितीचे अध्यक्ष रामराव भिंतीला टेकून होते, हेडमास्तर वही उघडून. दाराशी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या दोन बाया उभ्या होत्या, गावातली मैनाबाई आणि तांड्यावरची गंगी. आदल्या दिवशी खिचडीच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, पाल पडली होती. वाढणं निम्म्यावर आलं तेव्हा ती एका ताटलीत दिसली. मग खाल्लेल्या चौदा मुलांना उलट्या झाल्या, कोणाला खिचडीने, कोणाला नुसत्या भीतीने. मुलांआधी चव घ्यायचा नियम होता म्हणून गंगीनेही खाल्लं होतं. मुलांना घेऊन गाडी दवाखान्यात गेली, त्याच गाडीत तीही तोंडाला ओढणी लावून गेली. संध्याकाळपर्यंत सारी मुलं घरी आली. दुसऱ्या दिवशी बैठक बसली.

"गंजावरचं झाकन कोनं काढलं होतं?" हेडमास्तरांनी विचारलं.

मागून एक माणूस म्हणाला, "तांड्यावरच्या बाईले सफाई काय समजते." दोघं-तिघं हसले. तेव्हा गंगीने मान वळवून मैनाबाईकडे पाहिलं आणि ते वाक्य म्हणाली.

मैनाबाईने सतरंजीकडे पाहिलं. सतरंजीला एक भोक होतं, त्यातून जमिनीची फरशी दिसत होती.

"मले काही माहीत नाई बा," ती म्हणाली. "मी फाटकावर होती."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. ती फाटकावरच होती. पुसदला दिलेल्या तिच्या लेकीचा, सुरभीचा फोन आला होता. लग्नानंतर चार वर्षांनी सुरभीला दिवस गेले होते, हे तिला त्या फोनवर कळलं. स्वयंपाकखोलीत आवाज नीट येत नव्हता म्हणून ती फाटकापर्यंत गेली होती. पण जाण्याआधी, खिचडी उतू जाऊ नये म्हणून, तिने गंजावरचं झाकण काढून भिंतीला टेकवलं होतं. गंगी तेव्हा हापशीवर पाणी भरत होती. फोन ठेवून मैनाबाई परत आली ती हसत हसत. डोळे भरलेले होते, काही दिसत नव्हतं. तसंच तिने झाकण उचलून गंजावर ठेवलं.

गंगीचं काम गेलं. त्यानंतर तांड्यावरची एकही बाई त्या चुलीवर घेतली नाही. गंगीचं नाव मात्र गावात राहिलं. पालवाली. महागावच्या बाजारात मिरची विकायला बसली की कोणी म्हणायचं, पालवालीजवळून घेऊ नको. तिची नात ममता त्याच शाळेत येऊ लागली, तेव्हा ती पालवालीची नात झाली. पाच वर्षं मैनाबाईने ममताच्या ताटलीत खिचडी वाढली. पोर मान खाली घालून ताटली पुढे करायची. मैनाबाई तिला एक पळी जास्त वाढायची. पोर ती जास्तीची खिचडी तशीच टाकून द्यायची.

दोघींचं नातं साधं होतं, लहानपणापासूनचं. कापूस वेचताना दोघींच्या ओळी शेजारी असायच्या. एकीचा ओटा, कमरेला बांधलेली कापसाची झोळी, भरला की दुसरी थांबायची. गंगीच्या बोलीतले शब्द मैनाबाईच्या तोंडात बसले आणि मैनाबाईच्या ओव्या गंगीच्या. सुरभीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी गावातल्या बायांना रडू आवरत नव्हतं आणि गाणं कोणाला सुचत नव्हतं. तेव्हा गंगी मांडवात आली. तिच्या लोकांत नवरी सासरी निघताना ढावलो म्हणतात, रडण्याचं गाणं. सुरभीच्या गळ्यात हात टाकून गंगीने तो म्हटला. शब्द कोणाला कळले नाहीत. मांडवातली माणसं उभी राहिली.

अशा बाईची माफी तिने दोनदा मागून पाहिली होती.

पहिल्यांदा त्याच वर्षी, दिवाळीनंतर, बाजारात. गंगी गोणपाटावर बसून मिरच्या तोलत होती. मैनाबाई उभ्या उभ्याच बोलली.

"गंगे, माह्यं चुकलं वो. पन त्या दिवशी माह्यं डोकंच ठिकानावर नव्हतं, सुरभीचा फोन आलता. अन् सारे असे बसलेले, हेडमास्तर असा विचारून राह्यला. माह्या मनात तुह्याबद्दल काही नव्हतं. तुले वाईट वाटलं असन तं..."

गंगीने काट्यावरून डोळे काढले नाहीत. "असन तं?"

"म्हंजे, वाटलंच असन."

"तुले अजून माहीतच नाई का, वाटलं का नाई ते?" गंगीने मिरच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत ओतल्या. "चुकलं म्हन्याले तुले येवढासा वेळ लागला. 'पन' म्हनल्यावर तू गोनंभर बोलली. जाय बाई, तुह्यी जीप भरली असन."

मैनाबाई रागानेच घरी आली. एवढं बाजारात, चारचौघांत गेले, तरी हिचा तोरा. दोन वर्षं तो राग तिला पुरला.

मग तो आटला आणि खाली नुसतंच दुःख राहिलं. तेव्हा ती होळीला तांड्यावर गेली. होळीला तांडा सारा अंगणात असतो, डफ वाजत असतो, माणसं लेंगी, होळीची गाणी, म्हणत फेर धरतात. मैनाबाई त्या गर्दीतून गेली आणि गंगीच्या दारात जाऊन तिच्या पायांवर पडली. पडल्यावर तिला रडू आवरेना. "मी पापिनी हाव गंगे, माह्या तोंडात किडे पडतीन, मले मार, पायतनानं मार," म्हणत तिने आपल्याच थोबाडात मारून घेतलं. डफ थांबला. बाया धावल्या. कोणी पाठ चोळली, कोणी वारा घातला. गंगीची सून तांब्याभर पाणी घेऊन आली. गंगीने ते स्वतःच्या हाताने मैनाबाईला पाजलं, तिचे केस सारखे केले, पदर नीट केला. चहा झाला. सारा तांडा म्हणाला, गावातली बाई असून पाया पडली, मोठं मन आहे.

निरोप द्यायला गंगी बाभळीपर्यंत आली. तिथे थांबून म्हणाली, "माह्या दारात येऊन तूच रडली मैने. मले तुले पानी पाजा लागलं."

मैनाबाईने पदराने तोंड पुसलं.

"मले तं रडू बी नाई दिलं तू. आता तांडा म्हनन, येवढी पाया पडली, गंगीनं सोडून द्याले पायजे. सोडन मी. लोकाईसाठी सोडन." मग बाभळीला हात टेकून, "अन् तू मले कायले सांगतं? मले तं माहीतच हाय. ज्यायले माहीत नाई त्यायले तू सांगतलं नाई."

मैनाबाईला तो टोमणा वाटला. ती घरी आली आणि पुन्हा तांड्याकडे गेली नाही. दोघी एकमेकींना दिसायच्या. दारव्ह्याच्या बसमध्ये एकदा पुढच्या-मागच्या सीटवर बसल्या होत्या. गंगीचा पांढरा झालेला अंबाडा मैनाबाई दीड तास पाहत राहिली.

आणि आता मंगळवारी गंगी जाणार होती.

मैनाबाईची सून प्रेरणा किराणा दुकानातून ही बातमी घेऊन आली. "त्या तांड्यावरच्या गंगी मावशी पुन्याले जाऊन राह्यल्या म्हन्ते. त्याईचा बादलदादा नेऊन राह्यला. कायमच्या. कानानं आयकू बी येत नाई म्हने त्याईले आताशा."

मैनाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. शाळेचा तांदूळ ती आदल्या दिवशी घरी आणून निवडायची, गंगी असताना दोघी मिळून निवडायच्या. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"कवा?"

"परवा. मंगळवारी सकाळच्या जीपनं."

मैनाबाईने सुपातले तांदूळ एकदा पाखडले. मग ती म्हणाली, "प्रेरणा, मले तिले काही बोलाचं हाय. मी बोलून पाह्यते, तू आयक. कसं लागते ते सांग."

प्रेरणा हसली. "नाटक हाय का आत्याबाई?"

"नाटक नाई पायजे, म्हनूनच म्हनून राह्यली."

प्रेरणा समोर बसली. मैनाबाईने तांदळावर डोळे ठेवून सुरुवात केली. "गंगे, नऊ वर्सं झाली. मले एक दिवस चैन नाई. जेवताना घास गोड लागत नाई..."

"आत्याबाई, हे तं तुमचंच दुखनं झालं. त्या काय म्हनतीन? येवढं दुखते तं डाक्टरकडे जाय."

मैनाबाईने एक खडा उचलून अंगणात टाकला. पुन्हा म्हणाली, "गंगे, मले माफ कर. जातांना येवढं दे."

"अजून त्याईच्याच जवळ मागून राह्यल्या," प्रेरणा म्हणाली. तिचं हसू आता गेलं होतं. ती जवळ सरकली. "आत्याबाई, मी तवा या घरात नव्हती. लोकं सांगतात तेवढंच माहीत हाय. तुमचं चुकलं काय, नेमकं?"

सुपातली बोटं थांबली.

ही ओसरी, हे सूप, ही संध्याकाळची उन्हं. एवढा साधा प्रश्न आणि त्याचं उत्तर तिने आजवर कोणालाही दिलं नव्हतं. बाजारात दिलं नव्हतं, होळीला पाया पडून, थोबाडीत मारूनही दिलं नव्हतं. चुकलं म्हणाली होती, पाप म्हणाली होती, पापिणी म्हणाली होती. झाकण हा शब्द एकदाही तोंडातून आला नव्हता. केवढे मोठमोठे शब्द तिने त्यावर ठेवले होते. खाली एवढीशी गोष्ट होती, चार शब्दांची. आणि गंगी दोन्ही वेळा, मिरच्या तोलताना आणि बाभळीखाली उभी राहून, त्या चार शब्दांची वाट पाहत होती. ज्यायले माहीत नाई त्यायले सांग, हा टोमणा नव्हता. तिने रस्ता दाखवला होता.

"सांगीन," मैनाबाई म्हणाली. "आंधी जिथं सांगाचं तिथं सांगीन."

प्रेरणा उठून दिवा लावायला गेली. मैनाबाई एकटीच निवडत राहिली. कापसाच्या ओळीत म्हणायची तशी एक ओवी तिच्या तोंडात आली, आपोआप, कुठूनशी:

सुपातले तांदूळ, खडा बी पांढरा बाई
दाताखाली आल्याबिगर कळतच नाई

ती एकेक शब्द उचलून पाहत होती. मनात नव्हतं, हा खडा. सुरभीचा फोन, हा खडा, गोड असला तरी खडाच. मीबी भोगलं, खडा. पाया पडते, हा सगळ्यात पांढरा, सगळ्यात तांदळासारखा. टाकून टाकून शेवटी सुपात इतकं थोडं उरलं की तिला भीती वाटली. एवढ्याने काय होणार. नऊ वर्षं पालवाली म्हणवून घेतलेल्या बाईच्या पदरात एवढंसं टाकायचं आणि तीही निघालेली. काम परत येणार नव्हतं. नाव पुसलं जाणार नव्हतं. ममता आता पुण्यात कुठल्याशा शाळेत जाईल, तिथे तिला कोणी काही म्हणणार नाही, त्यात मैनाबाईचा काही वाटा नव्हता.

मंगळवारी सकाळी तिने शाळेत चूल पेटवली, गंज चढवला, तांदूळ-डाळ घातली आणि झाकण ठेवलं. दुसऱ्या स्वयंपाकीण बाईला, सत्यशीलाला, म्हणाली, "मी येते. तू इथून हलू नको. झाकन काढू नको."

"कुठं चालल्या मावशी?"

"स्टँडवर."

स्टँड म्हणजे रस्त्याच्या कडेचं कडुलिंबाचं झाड आणि त्यासमोरचं चहाचं हॉटेल. जीप उभी होती. मधल्या सीटवर खिडकीशी गंगी बसली होती, मांडीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन. पायात नेहमीची चांदीची कडी नव्हती. शहरात जायचं म्हणून काढली असतील. तिचा मुलगा बादल टपावर सामान बांधत होता. ममता आईजवळ मागच्या सीटवर होती. तिने मैनाबाईला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

हॉटेलच्या बाकावर पाच-सहा माणसं चहा पीत होती. मध्ये रामराव बसले होते. आता ते अध्यक्ष नव्हते, पण बसण्याची जागा तीच होती.

मैनाबाई खिडकीजवळ गेली. गंगीने पाहिलं. चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"गंगे," मैनाबाई हळू म्हणाली, खिडकीच्या काठावर हात ठेवून. "त्या दिवशी शाळेत झाकन..."

गंगीने कानाकडे बोट नेलं आणि मान हलवली.

वरून बादल आईबद्दल म्हणाला, "मावशी, तसं नाई आयकू येत याडीले. लई जोरात बोला लागते. डाव्या कानात."

डावा कान खिडकीकडेच होता. खिडकी हॉटेलकडे होती. मैनाबाईने एकदा मागे पाहिलं. रामराव बशीत चहा ओतत होते. कोणी तरी विहिरीच्या मोटारीची गोष्ट सांगत होतं.

"काय म्हन्ते?" गंगीने विचारलं. ऐकू न येणाऱ्या माणसांचा असतो तसा तिचा आवाज मोठा झाला होता.

घरून सारं निवडून आणलं होतं. हे कुठे ठाऊक होतं, की ते ओरडून सांगावं लागेल.

"सुखानं जाय," ती म्हणाली, मोठ्याने.

हे गंगीला ओठांवरून कळलं. तिने मान हलवली. "हो. तूबी राह्य." मग तिने समोर पाहिलं, काचेतून, रस्त्याकडे. जशी काही ती याहून जास्त ऐकायला बसलीच नव्हती.

इथेच संपलं असतं. वाईट दिसलं नसतं. लोक म्हणाले असते, जुन्या मैत्रिणी, निरोप द्यायला आली. बादल खाली उतरला, पुढच्या सीटवर बसला. ड्रायव्हरने बिडी टाकली आणि चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा लागलं.

मैनाबाईने खिडकीवरचा हात काढला नाही. पाया पडायला वाकली नाही. डोळ्यांत पाणी येत होतं, ते तिने गिळलं, कारण ते आलं असतं तर गंगीला पुन्हा काही तरी द्यावं लागलं असतं. तिने इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवला. शेतातून बैलगाडीला हाक मारावी, तेवढा.

"गंगे, त्या दिवशी झाकन मी काढलं होतं. मले माहीत होतं. मी खोटं बोलली. तुह्यं काम गेलं, तुले पालवाली म्हनलं, ते माह्यामुळं."

बाकावरची मोटारीची गोष्ट थांबली. रामरावांची बशी हातातच राहिली.

ममताने वळून पाहिलं.

गंगीला ऐकू गेलं की नाही, हे मैनाबाईला कळलं नाही. तिने मैनाबाईकडे पाहिलंच नाही. ती मैनाबाईच्या खांद्यावरून पलीकडे, बाकावरच्या माणसांकडे पाहत होती. एकेकाचा चेहरा पाहत असावी तशी, सावकाश. मग तिने ओढणी कपाळावर थोडी पुढे घेतली. चाकं हलली. मैनाबाईच्या हाताखालून खिडकीचा काठ निघून गेला. जीप पुसदच्या रस्त्याला लागली. टपावरच्या गाठोड्यांवर उपड्या बांधलेल्या घागरी चमकत होत्या, मग त्याही दिसेनाशा झाल्या.

मैनाबाई वळली. शाळेत चूल जळत होती, तिला जायचं होतं. रस्ता हॉटेलसमोरूनच होता.

"काय झालं मैनाबाई?" रामराव म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, जरा थट्टेचा. "काय बोंबलून राह्यली होती तिच्या कानात? आमाले तं जीपच्या आवाजात काही समजलं नाई."

ऐकलं होतं त्यांनी. न ऐकल्यासारखं करून ते तिला वाट देत होते. नऊ वर्षांपूर्वी सतरंजीवर दिली होती तशीच. काही नाही भाऊ, एवढं म्हटलं असतं तर चहासुद्धा मिळाला असता.

मैनाबाई बाकासमोर थांबली. हाताला हळदीचा वास होता. तो तिने पदराला पुसला. आता ओरडायचं काही कारण नव्हतं.

"गंजावरचं झाकन मी काढलं होतं भाऊ," ती म्हणाली. "गंगीनं नाई."